घरून प्लेसमेंटची टेस्ट देताना नेट गेलं तर काय?

*प्रश्न: पुढच्या आठवड्यात कॅम्पसची ऑनलाइन अ‍ॅप्टिट्यूड टेस्ट घरून द्यायची आहे. मेलमध्ये सिस्टम चेक, सेक्शनल टायमर आणि 'नो रीअटेम्प्ट' असं लिहिलंय. मध्येच नेट गेलं तर पेपर परत देता येतो का?*

नवा पेपर सहसा मिळत नाही. अर्धवट राहिलेला पेपर तिथूनच पुढे सुरू करता येतो. त्यात तुमची किती मिनिटं बुडतात, हे सेक्शनचं घड्याळ कसं लावलंय त्यावर ठरतं.

टीसीएसच्या एनक्यूटीचा अलीकडचा साचा बघा. ती सेंटरवर होते, पण सेक्शनल टायमर समजायला सोयीची आहे. फाउंडेशन भागात न्यूमेरिकलचे २० प्रश्न २५ मिनिटांत, व्हर्बलचे २५ प्रश्न २५ मिनिटांत आणि रीझनिंगचे २० प्रश्न २५ मिनिटांत. म्हणजे गणिताला एका प्रश्नामागे ७५ सेकंद आणि इंग्रजीला ६०. इंग्रजी १८ मिनिटांत उरकलं तरी उरलेली ७ मिनिटं रीझनिंगला मिळत नाहीत, आणि पुढच्या सेक्शनमध्ये गेल्यावर मागे येता येत नाही. म्हणून वेळ उरली तर सेक्शन सबमिट करायची घाई नको, त्याच सेक्शनमधले सोडलेले प्रश्न बघा. अ‍ॅमकॅटसारख्या अ‍ॅडॅप्टिव्ह टेस्टमध्ये तीही सोय नाही. तिथे पुढचा प्रश्न आधीच्या उत्तरावरून ठरतो, त्यामुळे मागे जाण्याचं बटणच नसतं.

आता समजा, २५ मिनिटांच्या सेक्शनमध्ये १२ मिनिटं झाल्यावर नेट गेलं आणि ४ मिनिटांनी आलं. घड्याळ सर्व्हरवर अखंड चालणारं असेल तर परत आत गेल्यावर ९ मिनिटं उरलेली दिसतील. संपर्क तुटल्यावर थांबणारं असेल तर १३ दिसतील. हे टेस्ट लावणारा आधीच ठरवतो. सूचनांच्या पानावर सहसा याचा उल्लेख असतो, नसेल तर प्लेसमेंट सेलला आधीच विचारून ठेवा. 'Resume' किती वेळा चालेल हेही त्याच दमात विचारा, कारण काही ठिकाणी ठरावीक वेळेनंतर निरीक्षकाने परवानगी दिल्याशिवाय पेपर उघडत नाही.

नेट गेल्यावर पहिली चूक होते ती खिडकी बंद करण्याची किंवा ब्राउझरचा डेटा पुसण्याची. सर्व्हरला न पोचलेली उत्तरं काही प्रणाली ब्राउझरमध्ये तात्पुरती ठेवतात. डेटा पुसला की तीही गेली. खिडकी तशीच ठेवा, हॉटस्पॉट जोडा, अर्धा मिनिट थांबा. तरीही जोडलं गेलं नाही तरच त्याच लॅपटॉपवर, त्याच लिंकने पुन्हा लॉगिन करा. दुसऱ्या लॅपटॉपवरून आत शिरलात तर पहिलं सेशन तुटू शकतं आणि दोन उपकरणांची नोंद झाली की ती संशयास्पद म्हणून वर जाते. हॉटस्पॉटचा फोन आधीच जोडून, कॅमेऱ्याला दिसणार नाही असा लांब ठेवा. पेपर चालू असताना फोन हातात दिसला तर निरीक्षकाला कारण पटेलच असं नाही. त्या सिमवर कॉल आला की डेटा तुटतो का, हेही आदल्या दिवशी दुसऱ्या फोनवरून कॉल लावून बघा.

वीज गेली तर लॅपटॉप बॅटरीवर चालतो, राऊटर चालत नाही. महावितरणचा देखभालीचा ठरलेला वार (पुण्यात गुरुवार) आणि तुमचा स्लॉट एकाच दिवशी येत असेल तर सरळ हॉटस्पॉटवरच बसा.

सिस्टम चेक हा बऱ्याच जणांना सोपस्कार वाटतो. पण तो फक्त त्या क्षणाची स्थिती सांगतो. घरी पास झालेला लॅपटॉप कॉलेजच्या वाय-फायवर अडकतो, कारण तिथली फायरवॉल कॅमेऱ्याचा व्हिडिओ बाहेर जाऊ देत नाही. म्हणून ज्या जागेवरून, ज्या नेटवर पेपर द्यायचा तिथूनच आदल्या दिवशी, त्याच वेळेला चेक करा आणि अपलोडचा वेग बघा. प्रश्नांना फारसा डेटा लागत नाही, पण तुमचा व्हिडिओ सतत वर जात असतो.

कॅमेरा काळा दिसला तर आधी झूम किंवा टीम्स मागे चालू आहे का ते बघा. कॅमेरा एका अ‍ॅपने धरला की दुसऱ्याला मिळत नाही असं बऱ्याचदा होतं. मग क्रोममध्ये `chrome://settings/content/camera` उघडून टेस्टची साइट 'ब्लॉक'च्या यादीत गेली नाही ना, ते तपासा. मॅकवर स्क्रीन शेअर करायला Screen Recording ची परवानगी द्यावी लागते आणि दिल्यावर ब्राउझर बंद करून पुन्हा उघडावा लागतो. पेपर सुरू व्हायच्या वेळी हे कळलं तर दहा मिनिटं सहज जातात. जुन्या लॅपटॉपची तारीख चुकलेली असेल तर `NET::ERR_CERT_DATE_INVALID` दिसून पान उघडतच नाही. दोष नेटचा नसतो, तारीख-वेळ दुरुस्त केली की चालतं. दुसरा मॉनिटर काढून ठेवा, एनीडेस्क किंवा टीमव्ह्यूअर नुसतं मिनिमाइज न करता पूर्ण बंद करा. सुरक्षित ब्राउझर हे दिसताच अडून बसतो.

नेट व्यवस्थित असूनही उत्तरं बुडतात, ती एका क्लिकमुळे. टीसीएस आयऑनच्या नेहमीच्या स्क्रीनवर पर्याय निवडून 'Save & Next' दाबावं लागतं. पर्याय निवडला आणि बाजूच्या चौकटीतल्या प्रश्नक्रमांकावर थेट उडी मारली, तर तो पर्याय जतन होत नाही. एनक्यूटीत चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून शेवटी सगळे उरलेले प्रश्न भरायचेच. पण प्रत्येकाला दोन क्लिक लागतात, त्यामुळे सहा प्रश्न उरले असतील तर शेवटच्या दहा सेकंदांवर विसंबू नका, मिनिटभर हाताशी ठेवा.

आता रीटेस्ट. तांत्रिक कारणाने पेपर पुढे सुरूच झाला नाही, तर नवा पेपर द्यायचा की नाही हे कंपनी ठरवते, तेही सर्व्हरची नोंद बघून. 'नेट स्लो होतं' एवढ्या तक्रारीवर काहीच होत नाही. पेपर बंद पडल्यावर लगेच हेल्पडेस्कला आणि प्लेसमेंट सेलला एकच मेल करा. मजकूर असा असू द्या: "नोंदणी क्रमांक अमुक. न्यूमेरिकल सेक्शन, प्रश्न ११. सकाळी १०:१२ ला संपर्क तुटला, १०:१६ ला पुन्हा लॉगिन केलं, 'Session expired' असा संदेश आला. सेशन पुढे सुरू करून द्यावं, ते शक्य नसल्यास रीटेस्टचा विचार व्हावा." वेळा नोंदीशी जुळल्या तर बोलायला जागा राहते. संध्याकाळी पाठवलेल्या मेलला ती किंमत नसते, तोवर निकाल लावायचं काम सुरू झालेलं असतं.

गुण कमी पडले म्हणून परत देणं हा निराळाच मामला आहे. कंपनीच्या स्वतःच्या कॅम्पस टेस्टमध्ये त्या ड्राइव्हपुरती एकच संधी असते आणि पुन्हा अर्ज करायला बऱ्याच कंपन्या काही महिने थांबवतात. स्वतःहून देता येणाऱ्या टेस्टचे नियम उघड असतात: अ‍ॅमकॅट पुन्हा द्यायला ४५ दिवसांचं अंतर लागतं आणि तिचा स्कोअर एक वर्ष चालतो, एनक्यूटीचा दोन वर्षं. मधला काळ टाळायला दुसऱ्या ईमेलने नवं प्रोफाइल काढू नका. नाव, जन्मतारीख आणि ओळखपत्र जुळलं की दोन्ही अर्ज बाद होऊ शकतात.