रात्रीची पाळी वाटून घे

प्रिय मुली,

तुझा मेसेज पहाटे पावणेतीनला आलाय. बाबांवर ओरडलीस आणि मग बाथरूममध्ये जाऊन रडलीस, आणि आता स्वतःचीच लाज वाटतेय. अगं, तुझं प्रेम कमी झालेलं नाही, तू सहा आठवडे सलग झोपलेली नाहीस. ह्यांच्या केमोच्या वेळी मीही अशीच होते. एका रात्री उलटीची गोळी दिली आणि तासाभराने तीच पुन्हा दिली, दिल्याचं आठवतच नव्हतं. नशिबाने काही झालं नाही पण तेव्हा कळलं की माझं थकणं आता त्यांच्यासाठीच धोक्याचं झालंय. डोस विसरणं, एकच गोष्ट तीनदा विचारणं, वेळ मिळाला तरी झोप न लागणं, "आता संपू दे हे" असं मनात येणं, यातलं काही होत असेल तर घरात सांग, लपवू नकोस.

बाबांची केमो दर २१ दिवसांनी आहे ना, मग कॅलेंडर घे आणि ते दिवस तीन भागांत बघ. पहिले चार-पाच दिवस मळमळ, उलट्या, अंगात त्राण नाही, तेव्हा रात्री दोन माणसं हवीत. साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात पांढऱ्या पेशी सगळ्यात कमी असतात, तेव्हा काम कमी असतं पण लक्ष जास्त लागतं, पाहुणे नकोत, ताप बघायचा. तिसऱ्या आठवड्यात बहुतेकांना बरं वाटतं, आणि तुझी सुट्टी तिथे टाकायची. दोन पूर्ण दिवस, घराबाहेर, मैत्रिणीकडे जा नाहीतर मामाकडे. आपण नेमकं उलटं करतो, बाबा बरे असले की साठलेली धुणीभांडी, बँक, दळण उरकत बसतो आणि पुढच्या केमोला थकलेलेच जातो.

रात्रीचं असं कर. दहा ते तीन आई, तीन ते सात तू, किंवा उलटं, पण जिची पाळी नाही तिने दुसऱ्या खोलीत दार लावून झोपायचं, मोबाईल बाहेर ठेवून. त्याच खोलीत खाली गादी टाकली की प्रत्येक खोकल्याला जाग येते, ती झोप नाहीच. आईला बीपी आहे, तिला रोज नाही जमणार, म्हणून दादा. तो पुण्याहून रविवारी फळं घेऊन येतो आणि "काही लागलं तर सांग" म्हणून जातो, बरोबर? त्याला मदत मागू नकोस, काम सोपवून टाक. केमोनंतरच्या दोन रात्री त्याच्या. ब्लड टेस्ट बुक करणं, रिपोर्ट आणणं, इन्शुरन्सचे कागद, हे पूर्ण त्याचं, तू आठवणसुद्धा करायची नाही. आणि नातेवाईकांचे फोन आत्याकडे दे, रोज संध्याकाळी ती एकच मेसेज सगळ्यांना टाकेल.

तू म्हणशील दादाला जमणार नाही. त्याला माहितीच नाही म्हणून जमत नाही, सगळं तुझ्या डोक्यात आहे. एका वहीच्या पहिल्या पानावर लिही: कुठली गोळी किती वाजता आणि दिली की टिक, हॉस्पिटलचा इमर्जन्सी नंबर, आणि मोठ्या अक्षरात, ताप १००.४ किंवा वर गेला तर क्रोसिन देऊन सकाळची वाट बघायची नाही, रात्री दोन वाजले असले तरी लगेच हॉस्पिटल. ते पान असलं की तुलाही झोप लागेल, मला तेव्हाच लागायला लागली.

रात्री बाबा कशाने उठतात तेही वहीत लिही, दुखतं, लघवी, की नुसतीच झोप येत नाही. केमोबरोबर स्टिरॉइडच्या गोळ्या असतील तर त्यांनी झोप उडते. संध्याकाळचा डोस दुपारी घेतला तर चालेल का हे डॉक्टरांना विचार, मनाने बदलू नकोस. दुखण्याने उठत असतील तर पॅलिएटिव्ह केअरच्या, म्हणजे दुखणं आणि त्रास कमी करणाऱ्या डॉक्टरांकडे पाठवायला सांग, ते फक्त शेवटच्या दिवसांसाठी असतं हा गैरसमज आहे, केमो चालू असतानाही घेता येतं. पुण्यात वारज्याला सिप्लाचं पॅलिएटिव्ह केअर सेंटर आहे, तिथे पैसे घेत नाहीत, घरचं माणूस सोबत राहतं आणि काळजी कशी घ्यायची ते त्याला शिकवतातही. दादाला म्हणावं फोन करून चौकशी कर. आणि जीव नकोसा वाटला तर १४४१६ ला फोन कर, टेली मानस या सरकारी मानसिक आधाराच्या हेल्पलाइनचा नंबर आहे, फुकट आहे, रात्रीही उचलतात, मराठीत बोलता येतं.

पुढची केमो गुरुवारी ना? त्याआधी वहीचं ते पान लिहून फोटो मला पाठव, मी बघते काही राहिलंय का. दादाशी बोलायला जड जात असेल तर मीच करते फोन.

तुझी,
मावशी