धक्क्यावर 'तुम्ही', खोलीत 'तू'

प्रश्न: कथा-कादंबऱ्यांतले प्रणयप्रसंग मराठीत आणले की एकतर भडक होतात, नाहीतर सोवळे. मूळ लेखकाचा संयम अनुवादात कसा टिकवायचा? मी इंग्रजीतून अनुवाद करतो.

हा प्रश्न माझ्या दुखऱ्या नसेवर आहे, त्यामुळे उत्तर जरा लांबेल. एका दिवाळी अंकासाठी मी चेखवच्या 'कुत्रंवाल्या बाई'चा अनुवाद केला होता. कथा 1899 सालची, याल्टा या समुद्रकाठच्या गावी सुट्टीत भेटलेल्या गुरोव आणि आन्नाची, दोघांचीही लग्नं दुसरीकडे झालेली. त्या एका अनुवादात दोनदा माती झाली, पहिल्यांदा माझ्या हातून आणि दुसऱ्यांदा संपादकांच्या.

आधी माझं सांगते. थोडंफार रशियन शिकले होते, पण आळस केला आणि इंग्रजी प्रत समोर ठेवून कच्चा खर्डा काढला. याल्टाच्या बंदरात संध्याकाळी बोट येते, माणसं पांगतात, वारा पडतो. आन्ना हातातली फुलं हुंगत उभी आहे, गुरोवकडे बघत नाहीये. तो तिला अचानक मिठीत घेतो, ओठांचं चुंबन घेतो आणि लगेच घाबरून आजूबाजूला बघतो, कुणी पाहिलं तर नाही? मग हळूच म्हणतो, तुझ्या खोलीवर जाऊ या. दोघं भरभर चालू लागतात. मी असंच लिहिलं होतं, 'तुझ्या'.

खर्डा माझ्या रशियनच्या बाईंना दाखवला. त्यांनी दोन पानं वाचली, चष्मा काढला आणि विचारलं, "धक्क्यावर 'तू', खोलीत पण 'तू'. मग खोलीत झालं काय?"

मला काही कळेना. त्यांनी रशियन पुस्तक काढून समोर ठेवलं. रशियनमध्ये आपल्यासारखंच 'तुम्ही' आणि 'तू' वेगळं आहे. धक्क्यावर गुरोव म्हणतो, "चला, तुमच्याकडे जाऊ." पुढे खोलीत आन्ना म्हणते, "वाईट झालं. आता तुम्हीच पहिले माझा मान ठेवणार नाही." आणि तो म्हणतो, "तुझा मान मी का नाही ठेवणार? तू काय बोलतेयस ते तुझं तुला कळत नाहीये." गुरोवच्या 'तुमच्याकडे' आणि 'तुझा' या दोन वाक्यांच्या मध्ये कुठेतरी ते घडलेलं आहे. चेखवनं कपडे काढले नाहीत की दिवा मालवला नाही. उलट मेणबत्ती जळतेच आहे. त्यानं फक्त एक सर्वनाम बदललं. इंग्रजीत दोन्हीकडे 'यू' येतं, त्यामुळे तिथे ते वाहून जातं, त्यात अनुवादकाचा दोष नाही. पण मराठीत ते जसंच्या तसं ठेवता येतं आणि मी ते इंग्रजीच्या नादानं घालवून बसले होते. अजून आठवलं की कानाच्या पाळ्या गरम होतात.

आता मधल्या भागात काय आहे ते नीट बघा, कारण संयम म्हणजे काय ते तिथेच कळतं. खोलीत कोंदट आहे, तिनं जपानी दुकानातून घेतलेल्या अत्तराचा वास आहे. गुरोव तिच्याकडे बघतो आणि आपल्या आयुष्यात आधी येऊन गेलेल्या बायका आठवू लागतो, कोण कशी होती, कोण किती नाटकी होती. अख्खा परिच्छेद दुसऱ्याच बायकांवर! मग इथे मात्र तोच बुजरेपणा, आणि एक गोंधळल्यासारखं, जणू कुणी एकदम दार ठोठावलंय. त्यानंतर थेट, 'जे घडलं' त्याकडे आन्नानं फार गंभीरपणे पाहिलं, आपलं पतन झाल्यासारखं. म्हणजे घडून गेलं, आणि ते वाचकाला मागाहून कळतं. मग ते कलिंगड. टेबलावर कलिंगड आहे, गुरोव स्वतःसाठी एक फोड कापतो आणि सावकाश खाऊ लागतो. निदान अर्धा तास कुणी बोलत नाही.

मी सगळं परत लिहिलं. 'चला, तुमच्याकडे जाऊ' हे मराठीत चहाला चालल्यासारखं वाटतं, आणि मला ते फार आवडलं. इतका साधा माणूस इतकं साधं बोलतोय आणि त्याचे पाय मात्र झपझप पडतायत. 'दोघंही झपझप चालू लागले.' इथे 'अधीर पावलांनी' लिहायचा मोह होतो. लिहिलंत की मेलात. मूळ वाक्यात चारच शब्द आहेत आणि अधीरपणा चालण्यात आहे, तो पुन्हा विशेषणात घातला की दोन चमचे साखर होते. चुंबनाच्या वेळी फुलांचा वास आणि ओलावा गुरोवच्या अंगावर येतो असं मूळ आहे. माझ्या पहिल्या खर्ड्यात 'फुलांसारखा सुगंध' होतं! खरी ओली फुलं तिच्या हातात असताना मी उपमा करून टाकली होती. प्रणयप्रसंगात मराठी लेखणी वस्तूची उपमा करायला टपलेलीच असते, त्यामुळे तिथे 'सारखा', 'जणू', 'जसा' दिसला की मुळात आहे का बघा. 'जणू कुणी दार ठोठावलं' हे मुळात आहे, म्हणून ते राहिलं. फुलांचं नव्हतं.

शब्दांची अडचण मात्र खरी आहे, ती मी नाकारत नाही. 'मुका' म्हटलं की कडेवरचं बाळ दिसतं. 'किस' याल्टात शोभत नाही. 'ओठांवर ओठ टेकवले' हे आपल्याकडे शालीन समजतात, पण गुरोव टेकवत नाही, तो एकदम घेतो. 'बाहुपाश', 'अधर' आले की संगीत नाटकाचा पडदा उघडलाच. मी शेवटी 'तिच्या ओठांचं चुंबन घेतलं' असं कोरडं ठेवलं. ते किंचित सरकारी वाटतं, मान्य आहे. पण चेखवचंही कोरडंच आहे, आणि पुढचं 'कुणी पाहिलं तर नाही?' इतकं जिवंत आहे की ते सगळं सांभाळून घेतं. फक्त त्याला 'असा विचार त्याच्या मनात आला' ही शेपटी लावू नका. मराठी वाचकाला शेपटीशिवाय कळतं.

आता संपादक. गृहस्थ वाचणारे होते, वाईट माणूस नव्हे. त्यांनी 'कलिंगड'चं 'टरबूज' केलं कारण ते विदर्भातले. ते मी सोडून दिलं. मग फोन आला. "ताई, मधलं पान गळालंय का? खोलीत गेले आणि हा एकदम जुन्या बायका आठवत बसलाय. आणि तो 'तुम्ही'वरून 'तू'वर का आलाय? मुद्रितशोधकानं चूक म्हणून खूण केलीय."

मी म्हटलं, चूक नाही, तीच तर गोष्ट आहे.

"हो, पण वाचकाला कळायला नको का?"

मी अर्धा तास समजावलं. शेवटी ते म्हणाले, बरं, तुमचं राहू द्या. अंक आला. आठवणींच्या परिच्छेदाआधी तीन फुल्या आणि एक वाक्य होतं, 'त्या रात्री दोन तृषार्त जीव एकमेकांत विरघळून गेले.' खाली नाव माझं! वर सर्वनामंही 'दुरुस्त' केलेली, धक्क्यापासूनच 'तू'. विरघळून गेलेला माणूस पुढच्या पानावर निवांत टरबूज खातोय, हे त्यांना खटकलं नसावं. ते कलिंगड क्रूर आहे, ती रडकुंडीला आलीय आणि हा फोड कापतोय. आधी कुणी विरघळलं असेल तर ती क्रूरता राहत नाही, विनोदी दिसते. एका वाढीव वाक्यानं पुढचं पान कसं बिघडतं, ते त्या अंकात छापील बघायला मिळतं.

तेव्हा 'वाचकाला कळायला नको का' या वाक्यावर माझा राग आहे. नवऱ्याला चारचौघांत 'अहो' आणि एकांतात 'अरे' म्हणणाऱ्या बायका ज्या भाषेत घरोघर आहेत, त्या भाषेच्या वाचकाला तुम्ही-तू कळत नाही असं समजणं म्हणजे त्याला बाळबोध ठरवणं आहे.

आता एक पण आहे, तो उशिरा सांगतेय. कथेचा शेवटचा भाग येईपर्यंत आन्ना गुरोवला 'तुम्ही'च म्हणते. रशियनमध्ये ते टोचतं, हा जवळ आलाय आणि ती अजून उंबऱ्यावर आहे. मराठीत तो 'तू' आणि ती 'तुम्ही' हे चारचौघांसारखं नवरा-बायकोचं बोलणं होऊन जातं, टोचत नाही. कथेच्या शेवटी चेखव म्हणतोच की ते नवरा-बायकोसारखे एकमेकांवर प्रेम करत होते, तिथे ही मराठी छटा चालून गेली असती. पण याल्टाच्या खोलीत ती नको असते. मी 'अहो' एकदाही येऊ दिलं नाही, 'दिमित्री दिमित्रिच' पूर्ण नावच ठेवलं, तरी थोडा संसार शिरलाच. शिवाय पुढे गुरोव तिच्या गावी जाऊन तिला गाठतो, तिथे नाट्यगृहाच्या जिन्यावर, लोकांच्या देखत, तो पुन्हा 'तुम्ही'वर जातो. तेही ठेवा, मुद्रितशोधक काही म्हणो.

तुम्ही इंग्रजीतून करताय म्हणजे तुमची पंचाईत उलटी आहे. मुळातच 'यू' आहे, 'तू' कुठे सुरू करायचं ते तुम्हालाच ठरवावं लागणार. मी तरी कृतीच्या आधी कधीच करत नाही. नंतरच्या पहिल्या अगदी बिनमहत्त्वाच्या वाक्यात करते, पाणी देऊ का तुला, खिडकी लाव ना, असल्या. प्रेमाच्या वाक्यात केलं की घोषणा होते. आणि जो लेखक मुळातच सगळं उघड लिहितो त्याच्या बाबतीत यातलं काही लावू नका, तिथे झाकणं हीच लबाडी. कॉलेजातल्या पात्रांचंही वेगळं, ती पहिल्या भेटीतच 'तू' म्हणतात. तिथे मला नावावरून आडनावावर किंवा टोपणनावावर जाण्याचा उपयोग झालाय, पण दरवेळी नाही.

हल्ली मी हस्तलिखितासोबत एक चिठ्ठी जोडते, 'पान अमुक, ओळ तमुक, येथे तुम्हीचे तू झाले आहे, ही चूक नाही. मधले पान गळालेले नाही.'