एकाच नंबरवर दोन जीमेल : कोणतं ठेवावं?

प्रश्न : माझ्या एकाच मोबाइल नंबरवर दोन गूगल अकाउंट आहेत. जुन्याचं नाव बावळट आहे, नवं चांगलं आहे. दोन्ही एकत्र करता येतील का? नाही तर कोणतं ठेवू आणि कोणतं बंद करू?

उत्तर : एकत्र करता येत नाहीत. गूगलकडे दोन अकाउंट जोडून एक करण्याची सोयच नाही. तुमचा नंबर दोन्हींवर दिसतो, पण तो फक्त ओळख पटवण्यापुरता. आतून ती दोन वेगळी घरं आहेत आणि एका घरातलं सामान दुसऱ्यात तुम्हालाच हलवावं लागतं. म्हणून पत्ता दिसायला कसा आहे किंवा मेल कुठे जास्त आहेत यावरून निर्णय घेऊ नका. कोणत्या अकाउंटमध्ये न हलणाऱ्या गोष्टी जास्त आहेत ते बघा आणि ते ठेवा.

माझ्या मावशीचं अगदी असंच होतं. जुनं अकाउंट टोपणनाव आणि जन्मवर्ष घालून काढलेलं. नवा फोन सुरू करताना जुना पासवर्ड आठवेना, म्हणून घाईत दुसरं काढलं आणि फोन तेव्हापासून त्यावरच चालला. जुनं फोनमध्ये नंतर जोडलं खरं, पण फोटो सगळे नव्यात जात राहिले. त्यामुळे तिला वाटायचं की जुन्यात काहीच नाही, टाकून देऊ. मी म्हटलं, आधी आत जाऊन बघू.

जुन्या अकाउंटने साइन-इन करून आम्ही हे पान उघडलं :

```
myaccount.google.com/connections
```

गूगलचं बटण दाबून तुम्ही ज्या ज्या ॲपमध्ये आणि साइटवर शिरलात, त्यांची यादी इथे असते. मावशीच्या यादीत तेवीस नावं निघाली. बरीचशी मेलेली, पण सहा रोजच्या वापरातली. त्यातलं एक बिलं भरायचं ॲप होतं. तिथे मावशी आदल्याच आठवड्यात चुकून नव्या अकाउंटने शिरली होती आणि समोर कोरं खातं उघडलं होतं : जुनी बिलं नाहीत, शिल्लक शून्य. पैसे गेले असं वाटून ती रात्रभर झोपली नव्हती. पैसे कुठेच गेले नव्हते. बहुतेक ॲप गूगलकडून आलेल्या अकाउंटवरून माणूस ओळखतात. अकाउंट वेगळं आलं की त्यांच्या लेखी माणूसही वेगळा, मग फोन नंबर तोच का असेना. आम्ही जुन्या अकाउंटने शिरलो आणि सगळं जागच्या जागी होतं.

न हलणारी दुसरी गोष्ट म्हणजे प्ले स्टोअरवरची खरेदी. विकत घेतलेलं ॲप, पुस्तक, चित्रपट ज्या अकाउंटवर घेतलं त्याच्यावरच राहतं, दुसऱ्यावर नेता येत नाही. मावशीचा पैसे देऊन घेतलेला शब्दकोश जुन्यावर होता.

तिसरी जागा कोणाच्याच लक्षात येत नाही : व्हॉट्सॲपचा बॅकअप. अँड्रॉइड फोनवर तो गूगल अकाउंटमध्ये साठतो, आणि नव्या फोनवर परत आणताना नंबरही तोच लागतो आणि अकाउंटही तेच. मावशीचा बॅकअप जुन्यात जात होता. ते अकाउंट काढून टाकलं असतं, तर पुढचा फोन घेताना सगळे चॅट गेले असते. हे मात्र बदलता येतं : व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये चॅट बॅकअपमध्ये जाऊन अकाउंट बदलायचं, लगेच एक नवा बॅकअप घ्यायचा, आणि तो पूर्ण झाल्याची तारीख-वेळ तिथे दिसेपर्यंत थांबायचं.

आता हलणारं सामान. फोटो, ड्राइव्हमधल्या फाइल, संपर्क हे सगळं नेता येतं. मावशीचे फोटो नव्या अकाउंटमध्ये ९ जीबी होते आणि जुन्यात ४ जीबी भरलेले. मोफत जागा प्रत्येक अकाउंटला १५ जीबी, म्हणजे मावत होतं. हा हिशोब आधी करा, कारण जागा भरली की मेल येणंही थांबतं. गूगल फोटोमध्ये भागीदार म्हणून दुसरं अकाउंट जोडून, तिकडून सगळे फोटो ‘सेव्ह’ करायला लावले. सेव्ह केल्याशिवाय ते फक्त दिसतात, आपले होत नाहीत. मूळ अकाउंट गेलं की तेही जातात. शिवाय सगळ्याची एक प्रत `takeout.google.com` वरून उतरवून ठेवली. निव्वळ त्या प्रतीवरून फोटो पुन्हा चढवू नका, असं माझं मत. काही माहिती त्यात शेजारच्या वेगळ्या फाइलींमध्ये येते, आणि व्हॉट्सॲपवरून आलेल्या फोटोंच्या तारखा हमखास विस्कटतात.

तर मावशीने जुनं ठेवलं. नाव आवडत नसूनही. तुमच्या यादीत चार मेलेल्या साइट आणि काहीच खरेदी नसेल, तर खुशाल नवं ठेवा. एका बाबतीत मात्र जुन्यात कितीही सामान असलं तरी मी नवंच ठेवायला सांगेन : जुन्याचा पासवर्ड वर्षानुवर्षं दुसऱ्या कोणाकडे असेल, किंवा पत्ता नोकरीच्या ठिकाणचा असेल तर. तो पत्ता तुमचा नाहीच, उद्या काढून घेतला जाईल. तिथल्या प्रत्येक साइटवर जाऊन ईमेल बदलण्याचे कष्ट घ्या.

बंद करायची घाई नको. जे जाणार आहे त्याच्या जीमेल सेटिंगमध्ये फॉरवर्डिंग लावा म्हणजे नवे मेल ठेवलेल्या अकाउंटमध्ये येतील. आधीचे मेल यातून येत नाहीत, ते वर सांगितलेल्या प्रतीतच राहतील. सहा महिने असंच चालू द्या. वर्षाचं नूतनीकरण असलेली कुठली सेवा त्यावर असेल तर पूर्ण वर्ष. कुठून मेल येतात ते बघत राहा आणि एकेक पत्ता बदला. फक्त ते अकाउंट विसरून जाऊ नका. दोन वर्षं अजिबात न वापरलेलं वैयक्तिक अकाउंट गूगल आतल्या सामानासकट काढून टाकू शकतं.

शेवटी काढताना आधी ठेवलेल्या अकाउंटचं सुरक्षेचं पान उघडा आणि रिकव्हरी ईमेल कोणता आहे ते वाचा. मावशीच्या दोन्ही अकाउंटांनी एकमेकांचाच पत्ता दिलेला होता. तसंच राहिलं असतं तर पासवर्ड विसरल्यावर कोड बंद पडलेल्या पत्त्यावर गेला असता. तिथे आम्ही मावशीच्या मुलीचा ईमेल घातला आणि नंबर तपासला. मग दुसऱ्या ब्राउझरमध्ये मुद्दाम ‘पासवर्ड विसरलो’ दाबून कोड खरंच मावशीच्याच फोनवर येतो का ते पाहिलं. आला. त्यानंतर जाणारं अकाउंट फोनच्या सेटिंगमधून काढलं, आणि मगच गूगलवरून डिलीट केलं. डिलीट झालेला जीमेल पत्ता पुन्हा कोणालाच मिळत नाही, तुम्हालाही नाही. म्हणून हे काम निवांत, दुसरं कोणीतरी शेजारी बसलेलं असताना करा.