एका रात्रीत दीड किलो वजन कसं वाढतं?

प्रश्न: तीन आठवडे डाएट करतेय, रोज सकाळी वजन करते. शनिवारी ७१.२ होतं. रविवारी भाचीच्या साखरपुड्याला जेवले आणि सोमवारी काटा ७२.८ दाखवतोय! एका जेवणाने १.६ किलो चरबी वाढते का? की काटाच बिघडलाय? आता बुधवारपर्यंत फक्त ताकावर राहू का?

उत्तर:

ताकावर राहू नका. काटाही बहुतेक ठीक आहे. १.६ किलो वाढलं हे खरं, पण त्यातली चरबी फार तर शंभर-सव्वाशे ग्रॅम असेल.

मी सांगलीत आहारतज्ज्ञ म्हणून काम करते. लग्नसराईत सोमवारी सकाळी माझा फोन याच प्रश्नाने वाजतो, त्यामुळे हिशेब तोंडपाठ झालाय. एक किलो चरबी अंगावर चढायला साधारण ७,७०० कॅलरी लागतात, आणि त्याही रोजच्या गरजेच्या वर. १.६ किलोला १२,३०० झाल्या. तुपात भिजलेली मोठी पुरणपोळी ३५० कॅलरींची धरली, तर रोजचं जेवण जेवून वर पस्तीस पुरणपोळ्या खायला हव्यात. साखरपुड्यात कितीही आग्रह झाला असला तरी एवढ्या तुम्ही खाल्ल्या नसणार. समजा, हजारेक कॅलरी जादा गेल्या. त्याचे झाले सव्वाशे ग्रॅम. मग उरलेलं जवळजवळ दीड किलो काय आहे?

आधी मीठ. सलाइनची अर्ध्या लिटरची बाटली सगळ्यांनी पाहिलेली असते. तिच्यात साडेचार ग्रॅम मीठ असतं, जेमतेम एक लहान चमचा. रक्ताचा खारटपणा शरीर ठरावीक पातळीवरच ठेवतं. जादा मीठ पोटात गेलं की ते तेवढं पातळ व्हायला पाणी लागतं, म्हणून तहान लागते, तुम्ही पाणी पिता आणि मूत्रपिंडं ते पाणी लगेच सोडत नाहीत. आता पंगतीतलं ताट आठवा: मसालेभात, मठ्ठा, पापड, लोणचं, भजी, दोन भाज्या. घरच्यापेक्षा साडेचार ग्रॅम मीठ जास्त जाणं अजिबात अवघड नाही. म्हणजे एक सलाइनची बाटली तुम्ही तोंडावाटे चढवून घेतलीत. अर्धा किलो इथेच गेला. सोमवारी अंगठी घट्ट झाली असेल किंवा संध्याकाळी मोज्यांचे वळ पायावर उठले असतील, तर ते हेच पाणी. हे जादा मीठ मूत्रपिंडं सावकाश बाहेर टाकतात, दोन ते चार दिवस घेतात.

दुसरी गोष्ट भात, पोळी आणि जिलबीची. खाल्लेल्या पिष्टाचा आणि साखरेचा काही भाग यकृतात आणि स्नायूंत ग्लायकोजेन म्हणून साठतो. सगळा मिळून हा साठा पाचशेएक ग्रॅमचा, पण प्रत्येक ग्रॅमबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी बांधलेलं असतं. तीन आठवडे तुम्ही भात-पोळी कमी केली असेल, तर हे कोठार अर्धवट रिकामं होतं. रविवारी त्यात दीडशे ग्रॅम भर पडली असं धरा. बरोबर साडेचारशे ग्रॅम पाणी आलं, एकूण सहाशे.

याची दुसरी बाजू ऐकायला गोड नाही. डाएटच्या पहिल्या आठवड्यात जे दोन किलो ‘उतरतात’ आणि ज्याच्यावर पेढे वाटले जातात, त्यातलाही बराचसा भाग हेच पाणी असतं. कोठार रिकामं झालं, पाणी गेलं, काटा खाली आला. तेव्हा ती चरबी नव्हती, म्हणून आत्ताचं वाढलेलंही चरबी नाही. जाताना आपलं कर्तृत्व आणि येताना काट्याचा दोष, असं नको.

उरलं पोटातलं ओझं. तांब्याभर पाणी पिऊन काट्यावर उभ्या राहा, काटा तेवढ्याने वर जातो. पचायच्या आधी अन्नाचंही तसंच असतं. खाल्लेलं तोंडापासून शेवटपर्यंत जायला एक ते तीन दिवस लागतात, म्हणजे सोमवारी सकाळी रविवारची पंगत अजून आतड्यांत वाटेवरच असते. जेवण उशिरा झालं असेल किंवा सोमवारी पोट नीट साफ झालं नसेल, तर नेहमीपेक्षा चारशे ग्रॅम जास्त असणं साधी गोष्ट आहे. (इसबगोल सुरू केल्यावर वजन वाढलं म्हणून एक बाई ते बंद करून आल्या होत्या. इसबगोल पाणी धरून ठेवतं आणि मळ मऊ करतं, त्याचं कामच ते. काट्यावर ते पाणी दिसणारच.)

मिठाचे पाचशे, कोठाराचे सहाशे, पोटातले चारशे आणि खरी चरबी शंभर: झाले १,६००. इतकं चोख जुळलं म्हणून विश्वास ठेवू नका, मीच जुळवून आणलंय. तुमच्या अंगात वाटण्या थोड्या इकडेतिकडे असतील. पण चार वाटेकऱ्यांत सगळ्यात धाकटा कोण, ते बदलत नाही.

आता बुधवारपर्यंत ताकावर राहिलात, तर कोठार पुन्हा रिकामं होईल, काटा झपकन खाली येईल आणि तुम्हाला वाटेल उपाय लागू पडला. गुरुवारी नीट जेवलात की पुन्हा वर. त्यापेक्षा सोमवारपासून नेहमीचं डाएट, नेहमीचं मीठ, नेहमीचं पाणी. पाणी कमी पिऊन वजन उतरवायचा विचार तर मुळीच नको.

मग रोज वजन करायचं की नाही? करायचं, पण रोजच्या आकड्याला किंमत न देता. माझी स्वतःची पाच आठवड्यांची वही समोर आहे, तीच दाखवते. पहिला आठवडा, सोमवार ते रविवार: ६८.४, ६८.१, ६७.९, ६८.२, ६७.८, ६७.७, ६७.६. बेरीज ४७५.७, भागिले सात, सरासरी ६७.९६. त्या रविवारी चुलतभावाचं लग्न होतं. दुसरा आठवडा: ६९.१, ६८.६, ६८.०, ६७.६, ६७.४, ६७.३, ६७.२. सरासरी ६७.८९.

इथे थांबून बघा. फक्त सोमवारी वजन करणारीला वाटलं असतं, आठवड्यात सातशे ग्रॅम वाढले. फक्त रविवारी करणारी म्हणाली असती, चारशे ग्रॅम उतरले. बाई एकच, वही एकच. सरासरी म्हणते, जवळजवळ होतं तिथेच. आणि दुसऱ्या आठवड्यातली उतरण बघा: सोमवारचा डोंगर गुरुवारपर्यंत सपाट झाला, मी काहीही विशेष न करता. चरबी अशी चार दिवसांत जात नाही. तुमचाही आकडा गुरुवार-शुक्रवारपर्यंत ७१च्या आसपास आला, तर ते पाणीच होतं याची ती खूण. आठवडा उलटूनही ७२च्या वरच राहिला, तर रविवारनंतर घरात उरलेल्या जिलबीचं काय झालं, ते स्वतःला विचारा.

तिसऱ्या आठवड्याची सरासरी ६७.२० आली. चौथ्याची ६७.५१, म्हणजे चक्क तीनशे ग्रॅम वाढ, आणि त्या आठवड्यात ना लग्न ना उपास. पाळी जवळ आली होती. पाळीच्या आधी अंगात पाणी साठतं, कुणाच्या अर्धा किलो, कुणाच्या दोनसुद्धा, आणि पाळी सुरू झाली की उतरतं. पाचवा आठवडा ६६.५४. म्हणून पाळी येणाऱ्या बायकांनी या आठवड्याची तुलना मागच्या आठवड्याशी करण्यापेक्षा चार आठवड्यांपूर्वीच्या, म्हणजे महिन्यातल्या त्याच सुमाराच्या सरासरीशी करावी. माझं ६७.९६ वरून ६६.५४: चार आठवड्यांत १.४२ किलो, आठवड्याला साडेतीनशे ग्रॅम. उलटा हिशेब केला तर रोज सुमारे ३९० कॅलरी कमी. मी चारशेच कमी खात होते. वही आणि ताट जुळलं.

पुरुषांना दोन-तीन आठवड्यांच्या सरासऱ्यांतच दिशा कळते. एखादा दिवस चुकला तर जेवढे आकडे असतील तेवढ्यांनी भागा, चार-पाच पुरतात. फक्त नको असलेला सोमवार गाळायचा नाही.

वजन करताना सकाळी उठून, शौचाला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, साधारण त्याच कपड्यांत. काटा कडक फरशीवर आणि रोज त्याच फरशीवर. सतरंजीवर ठेवलेला काटा काहीही सांगतो. काट्याची शंका असेल तर एक लिटरची भरलेली बाटली हातात घेऊन उभ्या राहा आणि मग बाटलीशिवाय. फरक एक किलोच्या किंचित वर यायला हवा, बाटलीचं स्वतःचं वजन धरून. काही डिजिटल काटे आणखी एक चलाखी करतात: फरक थोडा असेल तर मागचाच आकडा पुन्हा दाखवतात. लागोपाठ तीन दिवस हुबेहूब तोच आकडा आला तर आधी बाटली घेऊन चढा, मग एकट्या.

आणखी एक. नवीन व्यायाम सुरू करून अंग दुखत असेल, तर त्या दिवसांतही स्नायूंत पाणी साठून वजन थोडं वाढतं. तो आठवडा तसाच लिहून ठेवा, निष्कर्ष काढू नका.

हे सगळं निरोगी माणसाचं झालं. आमच्याच घरात, त्याच काट्यावर, माझ्यानंतर सासूबाई उभ्या राहतात. त्यांचं हृदय अशक्त आहे. त्यांच्या वहीत मी सरासरी काढत नाही. तिथे रोजचा आकडाच बघायचा असतो, कारण त्यांच्या अंगात साठणारं पाणी आपोआप उतरेलच असं नाही. तीन दिवसांत दोन किलोच्या वर गेलं, पाय सुजले किंवा आडवं झाल्यावर दम लागला, तर गुरुवारची वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टरांना फोन, असं आम्हाला सांगून ठेवलंय. तुम्हाला हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर माझी वही बाजूला ठेवा आणि त्यांच्यासारखी धरा.