पीसीएत पहिला घटक ५८ टक्के आला, म्हणजे एकच 'हुशारी' आहे का?

"ठाण्यातल्या आमच्या शाळेत दहावीच्या सराव परीक्षेचे सहा विषयांचे गुण घेऊन पीसीए, म्हणजे मुख्य घटक विश्लेषण केलं. गुणांतल्या एकूण फरकापैकी ५८ टक्के पहिल्या घटकात आला. एकच सामान्य क्षमता सगळं ठरवते असं म्हणू का?"

एवढ्यावरून नाही. सहा विषयांच्या सहसंबंध सारणीत ५८ टक्के म्हणजे पहिलं आयगेनमूल्य, म्हणजे त्या घटकाच्या वाट्याचा फरक, सहापैकी ३.५. सगळ्या विषयजोड्यांचा सहसंबंध ०.५ असेल तर १ + ५ × ०.५ = ३.५ येतं आणि उरलेली पाचही मूल्यं ०.५ निघतात. इथे एकच घटक म्हणणं पटतं.

आता दुसरं चित्र बघा. मराठी, हिंदी, इंग्रजी यांचा आपसात ०.६८, गणित, विज्ञान, सामाजिक शास्त्रे यांचाही आपसात ०.६८, पण या दोन गटांमध्ये फक्त ०.३८. पहिलं मूल्य पुन्हा ३.५! मात्र दुसरं १.२२ येतं आणि उरलेली चार ०.३२. म्हणजे भाषा आणि बाकीचे विषय स्पष्ट वेगळे आहेत, तरी टक्केवारी तीच. म्हणून दुसरं मूल्य बघाच, आणि त्याच्या भारांकांत, म्हणजे त्या घटकातल्या प्रत्येक विषयाच्या वजनांत, भाषा एका चिन्हाच्या, इतर विषय उलट चिन्हाचे आहेत का तेही.

माझ्या मते याहून मोठा धोका तुकड्यांचा आहे. गुणांवरून पाडलेल्या 'अ' आणि 'ड' तुकड्या एकत्र घेतल्या की दोन्हींच्या सरासरीतला फरकच सगळे सहसंबंध फुगवतो. उलट एकटी 'अ' तुकडी घेतली तर ते आक्रसतात, कारण तिथे सगळे जवळपास सारखेच गुण मिळवतात. दोन्ही प्रकारे काढून शेजारी ठेवा.