टार्गेट चुकलं हे खरं, पण पहिली नोटीस कुठे आहे?

प्रश्न: मॅडम, रत्नागिरीजवळ आमचा कोकम आगळ आणि सरबताचा छोटा कारखाना आहे. सिंधुदुर्गासाठी एकच डिस्ट्रिब्युटर नेमलाय. दर तिमाहीला ६ लाखांची उचल ठरली आहे, पण गेल्या तीन तिमाहींत त्यांनी अनुक्रमे ३.९०, २.७० आणि ३.१० लाखांचाच माल उचलला. मी व्हॉट्सअॅपवर वारंवार सांगितलं. ते दर वेळी ‘बघूया, सीझनला काढतो’ म्हणतात. नवीन पार्टी तयार आहे. ‘आजपासून आपली एजन्सी रद्द’ असं पत्र लिहून ठेवलंय, सोबत करारही पाठवतोय. पत्र पाठवू का?

उत्तर: नका पाठवू. त्या पत्राने करार संपणार नाही. उलट करार मोडणारे तुम्ही ठराल.

तुमच्या करारातलं कलम ११ मी दोनदा वाचलं. सलग दोन तिमाहींत उचल उद्दिष्टाच्या ७५ टक्क्यांखाली गेली, तर आधी त्रुटी कळवणारी लेखी नोटीस द्यायची आणि ती भरून काढायला ३० दिवस द्यायचे. तरीही त्रुटी राहिली, तर ६० दिवसांची दुसरी नोटीस देऊन करार संपवायचा. कलम १८ म्हणतं की नोटीस रजिस्टर पोस्टाने, पोचपावतीसह, करारातल्या पत्त्यावर जायला हवी आणि मुदत ती मिळाल्यापासून मोजायची. तुमच्या कागदांत ही पहिली नोटीसच नाही. व्हॉट्सअॅपवर ‘भाऊ, काहीतरी करा, असं चालणार नाही’ एवढंच आहे. त्यात कलमाचा उल्लेख नाही, आकडा नाही, मुदत नाही, आणि त्याच संध्याकाळी तुम्ही त्यांना माल पाठवल्याचं बिलही आहे. हा करार दोन वर्षं कपाटात पडून होता. आधी एकदा काढून वाचला असतात, तर लेखी नोटिशीशिवाय पुढे जाता येत नाही हे तेव्हाच कळलं असतं. असे प्रश्न माझ्याकडे दर महिन्याला येतात आणि बहुतेकांत हीच एक नोटीस गायब असते.

तूट असतानाही तुम्ही ऑर्डर घेत राहिलात, त्याचा अर्थ तुम्ही टार्गेट माफ केलंत, असं त्यांचा वकील करार कायद्याच्या कलम ६३ च्या आधारे म्हणेल. कितपत टिकेल ते सांगता येत नाही. तुमच्या करारात ‘सवलत दिली म्हणजे हक्क सोडला असं नाही’ अशा अर्थाचं वाक्य आहे, त्याचा आधार मिळेल. पण पुढच्या प्रत्येक बिलासोबत ‘नोटीस कायम ठेवून हा पुरवठा करत आहोत’ ही ओळ लेखी जाऊ द्या.

आता आकड्यांकडे या, कारण तुमचं पत्र तिथेही घसरतंय. ६ लाखांचे ७५ टक्के म्हणजे ४.५० लाख. तुम्ही तीनही तिमाही पत्रात घातल्या आहेत. पण तुमच्याच वहीत मे महिन्याची १.२० लाखांची एक ऑर्डर आहे आणि तिच्यापैकी तुम्ही फक्त ५० हजारांचा माल दिलात, आगळ कमी पडला म्हणून. उरलेले ७० हजार धरले तर एप्रिल ते जूनची उचल ३.९० वरून ४.६० लाखांवर जाते, म्हणजे मर्यादेच्या वर. तुम्ही माल न दिल्यामुळे त्यांची उचल कमी झाली असेल, तर त्याचं खापर त्यांच्यावर फोडता येत नाही. करार कायद्याचं कलम ६७ यासाठीच आहे. ती तिमाही पत्रात ठेवलीत, तर त्यांचा वकील तिथूनच सुरुवात करेल आणि उरलेल्या दोन तिमाहींवरही संशय पेरेल. म्हणून ती काढून टाका. जुलै ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते डिसेंबर या दोन सलग तिमाही कलम ११ ला पुरतात. मात्र याही सहा महिन्यांत कुठली ऑर्डर अर्धवट राहिली होती का, हे पत्र लिहिण्याआधी प्रत्येक बिल ऑर्डरशी ताडून बघा. पावसाळ्यात सरबत कमी खपतं, असं ते म्हणतील. उद्दिष्ट वर्षभर सारखंच ठेवायला दोघांनी सह्या करून मान्यता दिली होती, एवढं त्यावर उत्तर पुरेल असं मला वाटतं.

खरी मेख पुढे आहे. उलटून गेलेली तिमाही ‘भरून काढायची’ म्हणजे नेमकं काय करायचं? करार त्यावर गप्प आहे. तुम्ही नोटिशीत नुसतं ‘त्रुटी दूर करा’ लिहिलंत, तर ३० दिवसांनी ते ५० हजारांची ऑर्डर देतील आणि केली दूर म्हणतील. म्हणून आकडा तुम्हीच लिहा. तो ६ लाखांपर्यंतचा न लिहिता ४.५० लाखांपर्यंतचा लिहा, कारण कलमाला तेवढंच अपेक्षित आहे. २.७० आणि ४.५० मधला फरक १.८० लाख, ३.१० आणि ४.५० मधला १.४० लाख, एकूण ३.२० लाख. यापेक्षा जास्त मागितलंत तर नोटीस अवाजवी ठरवायला त्यांना आयतं कारण मिळेल. आणि मनाची तयारी ठेवा: त्यांनी खरंच ३० दिवसांत ३.२० लाखांचा माल उचलला, तर या दोन तिमाहींच्या कारणावरून करार संपवता येणार नाही. त्या काळात त्यांची ऑर्डर नाकारलीत तर सगळंच फिसकटेल. उधारीची मर्यादा करारात असेल तर तिच्या पलीकडच्या मालाला आगाऊ पैसे मागा, पण ते आधीपासूनच्या अटीनुसार आणि लेखी.

पहिली नोटीस लांबलचक नको. साधारण अशी:

‘दि. अमुकच्या करारातील कलम ११ नुसार ही नोटीस देत आहोत. जुलै ते सप्टेंबर २०२५ या तिमाहीत आपली उचल २.७० लाख रुपये आणि ऑक्टोबर ते डिसेंबर २०२५ या तिमाहीत ३.१० लाख रुपये होती. दोन्ही तिमाहींत ती ४.५० लाख रुपयांपेक्षा कमी आहे. एकूण तूट ३.२० लाख रुपये. ही नोटीस मिळाल्यापासून ३० दिवसांत सध्याच्या अटींवर एवढ्या रकमेचा माल उचलून त्रुटी दूर करावी. न केल्यास कलम ११ नुसार करार संपवण्याचा आमचा हक्क राखून ठेवत आहोत.’

यात ‘फसवणूक’, ‘बेजबाबदार’ असले शब्द नकोत. ते सिद्ध करायची जबाबदारी तुमच्यावर येते आणि त्यातून फायदा काहीच होत नाही.

तारखा कशा पडतात ते बघा. समजा नोटीस ५ जानेवारीला टाकली आणि त्यांना ९ ला मिळाली. मिळाल्याचा दिवस सोडून ३० दिवस ८ फेब्रुवारीला पूर्ण होतात, तो रविवार आहे. घाई नको, दुसरं पत्र १० फेब्रुवारीला टाका. ते १३ ला मिळालं तर ६० दिवस १४ एप्रिलला संपतात. म्हणजे नव्या पार्टीला तुम्ही १५ एप्रिलपासून माल देऊ शकता, एक दिवसही आधी नाही. सिंधुदुर्गासाठी एकच डिस्ट्रिब्युटर, असं तुम्हीच लिहून दिलंय. मार्चमध्ये नव्या माणसाचं एक खोकं जरी सावंतवाडीच्या दुकानात पोचलं, तरी तुमच्याकडून करारभंग झाला. सीझनचा पहिला भाग हातचा जाईल हे मला कळतं, पण त्याला इलाज नाही.

दुसऱ्या पत्रात पहिल्या नोटिशीची तारीख, ती मिळाल्याची तारीख, ३० दिवसांत प्रत्यक्ष किती उचल झाली तो आकडा आणि ‘हे पत्र मिळाल्यापासून ६० दिवस पूर्ण होताच करार संपुष्टात येईल’ हे वाक्य असू द्या. तोवर पुरवठा सध्याच्या अटींवर चालू राहील हेही लिहा. उरलेला माल, डिपॉझिट आणि बाकी यांचा हिशेब कुठल्या तारखेला बसून करायचा ते सुचवा. डिपॉझिट जप्त केल्याचं मात्र लिहू नका. ते टिकेलच असं मी सांगणार नाही.

पोस्टाचं एक लक्षात घ्या. टपाल खात्याने २०२५ मध्ये रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टमध्ये विलीन केलं. खिडकीवर नुसतं स्पीड पोस्ट करून येऊ नका, रजिस्ट्रेशनची सेवा आणि पोचपावती मागून घ्या आणि पावती जपून ठेवा. करारात पत्ता मालवणचा आहे, पण तुमच्या बिलांवर कणकवलीचा दिसतो. त्यांनी पत्ता बदलल्याचं लेखी कळवलं नसेल तर मालवणचा पत्ता कायदेशीर ठरतो, तरीही नोटीस दोन्हीकडे पाठवा, ईमेलही करा. मुदत दोन्हींपैकी उशिरा पोचलेल्या तारखेपासून मोजा. चार दिवस जास्त गेले तरी चालेल.

एवढी काळजी कशासाठी, असं तुम्ही विचाराल. इंडियन ऑइल विरुद्ध अमृतसर गॅस सर्व्हिस या १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की नोटीस देऊन संपवता येणारी डिस्ट्रिब्युटरशिप न्यायालय परत बहाल करत नाही. तिथे भरपाईही नोटिशीच्या ३० दिवसांपुरतीच धरली. त्यामुळे ते पुन्हा डिस्ट्रिब्युटर होऊन बसतील ही भीती फारशी नाही. भीती आहे ती तुमच्या २.३५ लाखांच्या बाकीची. चुकीचं पत्र गेलं की ते बाकी अडवतील, भरपाई मागतील, आणि तुमच्या सरळ वसुलीच्या दाव्यात पत्र वैध की अवैध हा वाद घुसेल. हे एवढंसं प्रकरण मग तारखांवर तारखा खात वर्षानुवर्षं पडून राहतं. अशा तारखांना पक्षकारासोबत मी स्वतः बसले आहे, आणि त्या दिवसांचा त्याचा धंदा कुणीही भरून देत नाही.

तुम्ही पाठवलेल्या फोटोंत पान ६ नंतर थेट पान ८ आहे. पान ७ वर ‘कोणतंही कारण न देता अमुक दिवसांच्या नोटिशीने करार संपवता येईल’ असं काही असेल, तर हा सगळा टार्गेटचा हिशेब सिद्ध करायची गरजच राहणार नाही आणि आपण तोच मार्ग घेऊ. ते पान हाती येईपर्यंत पहिली नोटीसही टाकू नका. आज संध्याकाळपर्यंत फोटो पाठवा.