रिपोर्टवर ‘पीसीओडी’ लिहिण्याआधी

प्रिय डॉक्टर,

ऐरोलीच्या त्या २४ वर्षांच्या मुलीचा रिपोर्ट वाचला. ‘दोन्ही बाजूंना पीसीओडी’ हे शेवटचं वाक्य काढून टाक.

तिची सोनोग्राफी पोटावरून केली आहेस. लग्न न झालेल्या मुलींची आपल्याकडे बहुधा तशीच होते, त्यात वावगं काही नाही. पण पोटावरून दोन-तीन मिलिमीटरचे फॉलिकल खात्रीने मोजता येत नाहीत. तू प्रत्येक ओव्हरीत ‘१२ ते १४’ लिहिलंस. १२ हा आकडा २००३ च्या रॉटरडॅम निकषांतला. पुढे मशिन्स सुधारली, धडधाकट बायकांच्या ओव्हरीतही तेवढे दिसू लागले, म्हणून २०१८ मध्ये तो २० वर नेला. तोही योनीमार्गातून चांगल्या प्रोबने पाहिलं तर. पोटावरून पाहताना भिस्त आकारमानावर ठेवायची: १० सीसी किंवा जास्त.

आता तुझीच मापं घे. लांबी, रुंदी, जाडी यांचा गुणाकार करून त्याला ०.५२ ने गुणायचं. डावी ३.४ × २.२ × २.० सेंमी, म्हणजे ७.८ सीसी. उजवी ३.६ × २.६ × २.३, म्हणजे ११.२. इथे तू फसलीस, कारण उजवीत १७ मिलिमीटरचा एक फॉलिकल आहे आणि पाळीचा बारावा दिवस आहे. ते या महिन्याचं बीज पिकतंय! त्याने फुगलेली ओव्हरी मोजायची नसते. शंका असेल तर पुढच्या पाळीच्या तिसऱ्या-चौथ्या दिवशी पुन्हा बोलाव.

समज, चित्र खरोखरच पॉलिसिस्टिक निघालं. तरी तीनपैकी ती एकच खूण झाली. उरलेल्या दोन म्हणजे लांबणारी किंवा चुकणारी पाळी, आणि पुरुषी हार्मोन वाढल्याची लक्षणं: हनुवटीवर राठ केस किंवा रक्तात जास्त टेस्टोस्टेरॉन. तीनपैकी दोन लागतात, शिवाय थायरॉइड, प्रोलॅक्टिन वगैरे कारणं आधी बाजूला काढावी लागतात. या मुलीची पाळी २८-३० दिवसांनी येते, हे तूच फॉर्मवर लिहिलंयस. केसांबद्दल मात्र विचारलेलं दिसत नाही. (विचारायला अर्धं मिनिट लागतं, पण वेटिंगला गर्दी असली की तेच राहून जातं, ठाऊक आहे मला.)

रिपोर्टात पाळीचा दिवस, तपासणी कुठून केली, दोन्ही ओव्हरींची तिन्ही मापं आणि मोठ्या फॉलिकलचा आकार लिही. निष्कर्षात ‘उजवीकडे वाढता फॉलिकल, डावी ओव्हरी नॉर्मल आकारमानाची’ एवढं पुरे. आजाराचं नाव तिच्या स्त्रीरोगतज्ज्ञांना ठरवू दे. ‘पीसीओडी’ लिहून गेला की तो कागद लग्नाच्या बोलणीपर्यंत पोहोचतो.

आणि उद्या त्या दहावीतल्या मुलीला घेशील तेव्हा पहिली पाळी कधी आली ते आधी विचार. त्याला आठ वर्षं व्हायच्या आत या निदानासाठी सोनोग्राफी वापरतच नाहीत. त्या वयात भरपूर फॉलिकल दिसणं नेहमीचंच. पोट दुखतं म्हणून पाठवली असेल तर दुखण्याचं कारण शोध, फॉलिकल मोजत बसू नकोस.

तुझी,
मॅडम
ठाणे